तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ आहात का? एका कलमाचा प्रश्नवृक्ष बांधताना

दापोली तालुक्यातल्या एका बंदराजवळच्या वाचनालयात आम्ही तिघेजण महिन्यातून एका शनिवारी ग्राहक तक्रारींसाठी बसतो. येणाऱ्या माणसाला ग्राहक आयोगाकडे जाता येईल की नाही, हे ठरवायला आम्ही एक पानभर प्रश्नावली केली होती. तिच्यातला तिसरा प्रश्न असा होता : ‘वस्तू धंद्यासाठी घेतली होती का?’ हो म्हटलं, की त्या माणसाला परत पाठवायचं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक काका आले. फायबरच्या होडीला लावलेलं नवं आउटबोर्ड मशीन समुद्रात गरम होऊन बंद पडत होतं. आमच्यातल्या एकाने तिसरा प्रश्न विचारला. काका म्हणाले, ‘हो, धंद्यासाठीच घेतलंय, आणखी कशाला?’ त्यांच्या नावापुढे फुली पडली आणि ते निघून गेले.

आपल्याकडे मासेमारीला धंदा म्हणतात. ‘धंद्याला गेलाय’ म्हणजे समुद्रावर गेलाय. कायद्यातला ‘व्यावसायिक हेतू’ ही वेगळी गोष्ट आहे, आणि स्वतः राबून पोट भरणाऱ्याला तर कायद्याने त्या शब्दाच्या बाहेर काढून मुद्दाम ग्राहकांत घेतलं आहे. म्हणजे ज्याच्यासाठी ती ओळ लिहिली गेली, त्यालाच आम्ही दारातून परतवलं. चूक पुढे तीन महिन्यांनी लक्षात आली. त्यानंतर आम्ही ते पान फाडून मूळ कलमावरून नवा प्रश्नवृक्ष बांधला. तो कसा बांधला ते इथे लिहितो आहे. कलम आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २(७), म्हणजे ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या.

आधी वाक्याचा सांगाडा काढा

प्रश्न लिहायला लगेच बसू नका. कलम मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि पेन्सिलीने फक्त जोडशब्दांभोवती गोल करा : ‘किंवा’, ‘आणि’, ‘समावेश होतो’, ‘समावेश होत नाही’. व्याख्येचे भारदस्त शब्द सोडून या बारक्या शब्दांकडे बघितलं की झाडाच्या फांद्या दिसू लागतात. ‘किंवा’ जिथे आहे तिथे फांद्या फुटतात आणि त्यांतली एक पुरते. ‘आणि’ जिथे आहे तिथे एकापुढे एक अशा पायऱ्या असतात आणि त्या सगळ्या चढाव्या लागतात.

कलम २(७) साध्या मराठीत उतरवलं तर वस्तूंपुरतं असं बसतं. जो मोबदला देऊन वस्तू विकत घेतो तो ग्राहक. मोबदला दिलेला असो, द्यायचा कबूल केलेला असो, थोडा दिलेला आणि थोडा कबूल केलेला असो, किंवा हप्त्यांचा असो. विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच. पण पुन्हा विकण्यासाठी किंवा कोणत्याही व्यावसायिक हेतूसाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही. आणि खाली स्पष्टीकरण (अ) : एखाद्याने वस्तू विकत घेऊन ती केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरली, तर तो ‘व्यावसायिक हेतू’ नव्हे.

म्हणजे तीन थर झाले. नियम, त्याला अपवाद, आणि त्या अपवादालाही अपवाद. आमच्या जुन्या पानावर पहिले दोनच थर होते. तिसरा थर कलमाच्या पोटात नसून खाली स्पष्टीकरणात आहे, म्हणून तो सुटला. कर असो वा ग्राहकहक्क, तरतूद वाचताना ‘स्पष्टीकरण’, ‘परंतुक’ आणि व्याख्येचं कलम या तीन जागा आधी तपासा. माणसाच्या बाजूची गोष्ट बऱ्याचदा तिथेच असते.

आणखी एक बारकावा गोल करतानाच सापडला. स्पष्टीकरण (अ) ‘व्यावसायिक हेतू’ या शब्दांचं आहे, ‘पुन्हा विक्री’चं नाही. म्हणून गुहागरच्या छोट्या दुकानदाराने विकायला आणलेला फ्रिज आणि त्याच दुकानात थंड पेयं ठेवायला घेतलेला फ्रिज हे दोन वेगळ्या फांद्यांवर जातात. पहिल्यासाठी उपजीविकेची सबब चालत नाही. दुसऱ्यासाठी चालू शकते. त्यामुळे ‘विकायला की वापरायला’ हा प्रश्न व्यावसायिक हेतूच्या आधी आणि स्वतंत्रपणे विचारायला हवा.

‘माहीत नाही’ हे उत्तर कुठे जातं?

प्रश्नवृक्ष बहुतेक इथे फसतो. कागदावर प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन फांद्या काढतात, आणि समोरचा माणूस मात्र ‘तसं नक्की नाही सांगता येत’ म्हणतो. मग बसलेला कार्यकर्ता आपल्या अंदाजाने एक फांदी निवडतो. घाबरट कार्यकर्ता ‘नाही’ निवडतो.

अंदाज करायची गरज नाही. सिद्ध कोणी करायचं, यावर संशयाची फांदी ठरते. सर्वोच्च न्यायालयाने श्रीराम चिट्स विरुद्ध राघचंद असोसिएट्स या २०२४ च्या निकालात हेच तीन थर वेगळे करून प्रत्येकाचा भार सांगितला आहे. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेतली, हे तक्रारदाराने दाखवायचं. ती व्यावसायिक हेतूने घेतली, असं म्हणायचं असेल तर ते विक्रेत्याने किंवा सेवा देणाऱ्याने सिद्ध करायचं. त्याने ते सिद्ध केलंच, तर मग ‘माझी उपजीविका यावरच आहे’ हे दाखवण्याचा भार पुन्हा तक्रारदारावर येतो.

याचा थेट परिणाम झाडावर होतो. पहिल्या थरात उत्तर धूसर असेल तर माणसाला पावती, बँकेचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचं पत्र आणायला सांगा. दुसऱ्या थरात उत्तर धूसर असेल तर पुढे चला, कारण ती डोकेदुखी समोरच्याची आहे. तिसऱ्या थरात धूसर असेल तर थांबा आणि कागद गोळा करा. आम्ही आता प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरात ‘भार : तक्रारदार’ किंवा ‘भार : विक्रेता’ असं लिहितो. प्रश्नावलीत मी एवढी एकच सुधारणा करू शकलो असतो, तर हीच केली असती.

निष्कर्ष विचारू नका, घडलेलं विचारा

‘व्यावसायिक हेतूने घेतली का’, ‘स्वयंरोजगार आहे का’ हे कायद्याचे निष्कर्ष आहेत. ते काढणं आपलं काम, काकांचं नव्हे. काकांना फक्त तेच विचारायचं जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे : मशीन कोण चालवतं, सोबत कोण असतं, त्यांना पगार की वाटा, होडी दुसऱ्याला भाड्याने दिली होती का, घरात दुसरी कमाई कोणती.

या प्रश्नांची निवड आम्ही मनाने केलेली नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल या कलमाच्या वाचनाचा पाया आहे. (तेव्हा कायदा १९८६ चा होता, पण उपजीविकेची कल्पना तीच.) त्यात दिलेली उदाहरणं अगदी आपल्या अंगणातली आहेत. टॅक्सी म्हणून गाडी घेऊन ती स्वतः चालवणारा ग्राहक आहे. मदतीला एकदोन माणसं किंवा घरची माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. पण रिक्षा किंवा लेथ मशीन घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिलं, तर घेणारा ग्राहक नाही. म्हणजे वस्तूची किंमत किंवा आकार यापेक्षा ‘हात कोणाचा’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

म्हणून आमचा पाचवा प्रश्न आता असा आहे : ‘काका, मशीनवर कोण बसतं?’ होडीवरचा नाखवा स्वतः बसतो आणि पुतण्या जाळं ओढतो, हे एक चित्र. मालक बाजारपेठेत बसतो आणि तांडेल आठ पगारी खलाशी घेऊन ट्रॉलर नेतो, हे दुसरं. दोघेही ‘धंद्यासाठी’ असंच म्हणतील.

क्रम कसा लावायचा

तारीख सगळ्यात आधी विचारा. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगाकडे जावं लागतं, आणि आपण बोलत बसलो तरी तो काळ सरत राहतो. पण या प्रश्नाला ‘बाहेर’ अशी फांदी काढू नका. उशीर झाला असेल आणि त्याला पुरेसं कारण असेल, तर ते नोंदवून आयोग उशीर माफ करू शकतो. म्हणून तारखेचा प्रश्न माणसाला अडवत नाही. तो फक्त कागदावर ‘उशीरमाफीचा अर्ज लागेल’ अशी खूण करून पुढे सोडतो.

मग वस्तू की सेवा हे ठरवा, कारण तिथून दोन वेगळी खोडं निघतात. त्यानंतर कलमाचे थर जसे आहेत तसेच : नियम, अपवाद, अपवादाचा अपवाद. उपजीविकेचा प्रश्न आधी विचारण्याचा मोह होतो, तो टाळा. घरच्या वापरासाठी मिक्सर घेणाऱ्या बाईंना ‘तुमची उपजीविका काय’ विचारलं, तर त्यांना उगाच वाटतं की आपण काहीतरी सिद्ध करायला हवं.

कोणत्या आयोगाकडे जायचं, हा प्रश्न शेवटी. आमच्या पानावरचं वस्तूंचं खोड हे असं :

```
१ पहिला बिघाड कधी?     तारीख लिहा, २ कडे जा
२ मोबदला दिला/कबूल?    हो: ४    नाही: ३
३ घेणाऱ्याच्या संमतीने
  तुम्ही वापरता?         हो: ४    नाही: ब
४ पुढे विकायला घेतली?   हो: ब    नाही: ५
५ वापरातून कमाई होते?    नाही: क  धूसर: क*  हो: ६
६ स्वतः चालवता? मदतीला
  घरचे वा एकदोन जण?     हो: ७    नाही: ब
७ घर मुख्यतः यावर
  चालतं?                हो: क    धूसर: कागद आणा
                        नाही: व
```

‘क’ म्हणजे ग्राहक, आयोगाकडे चला. ‘क*’ म्हणजे चला, पण विक्रेता हरकत घेईल हे धरून सहावा आणि सातवा प्रश्नही विचारून उत्तरं लिहून ठेवा. ‘व’ म्हणजे वकिलाला दाखवा. ‘ब’ म्हणजे या दाराने नाही.

‘ब’ वर नुसतं ‘अपात्र’ लिहून सोडू नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे. माणूस त्याचा अर्थ ‘माझा हक्कच नाही’ असा घेतो आणि मशीन गंजत ठेवतो. ग्राहक नसला तरी तो खरेदीदार आहेच. वस्तुविक्री कायदा, १९३० खाली दिवाणी न्यायालयाचं दार त्याला उघडं असतं आणि कराराच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. हे दोन वाक्यांत त्या पानावर छापलेलं असू द्या.

सेवेचं खोड वेगळं का?

हा भाग आमच्याकडून दुसऱ्यांदा चुकला होता. मशीन दुरुस्त करणाऱ्याने पैसे घेऊन काम बिघडवलं, तर ती सेवेतली त्रुटी. आम्ही सेवेच्या फांदीवरही सहा आणि सात हे प्रश्न तसेच चिकटवले. पण २०१९ च्या कायद्यातलं स्पष्टीकरण (अ) पुन्हा वाचा. त्यात फक्त ‘विकत घेतलेल्या वस्तू’ आहेत. जुन्या कायद्यात २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने सेवाही होत्या. नव्या मजकुरात त्या उरल्या नाहीत. म्हणजे उपजीविकेच्या अपवादावर सेवेच्या प्रकरणात डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही.

मग सेवेच्या खोडावर काय विचारायचं? इथे प्रश्न ‘या सेवेचा नफ्याशी थेट संबंध आहे का’ असा होतो. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत ही कसोटी वापरली. घेणारा कोण आहे किंवा व्यवहार किती मोठा आहे, यावरून ठरत नाही. नफा कमावण्याच्या कामाशी थेट नातं आहे का, आणि घेण्यामागचा मुख्य हेतू कोणता, ते बघायचं. पुढे हरसोलिया मोटर्सच्या २०२३ च्या निकालात विम्याबद्दल म्हटलं, की विमा नुकसान भरून काढतो, त्यातून नफा होत नाही. म्हणून व्यापारी संस्थाही विम्याच्या बाबतीत ग्राहक ठरू शकते.

होडीच्या विम्याचा दावा नाकारला गेला तर याचा फार उपयोग आहे, कारण तिथे होडी कमाईची असली तरी विमा कमाईचा नाही. दुरुस्तीसारख्या सेवेत मात्र चित्र तितकं स्वच्छ नसतं. तिथे आम्ही ‘क’ किंवा ‘ब’ न लिहिता सरळ ‘व’ लिहितो, आणि व्यावसायिक हेतू सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर आहे याची आठवण खाली देतो. कायदाच जिथे नेमकं उत्तर देत नाही, तिथे झाडाने ठाम उत्तर दिलं तर ते झाड खोटं आहे.

काकांचं मशीन या झाडावर

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही काकांना परत बोलावलं आणि नव्या पानावरून पहिल्यापासून विचारत गेलो.

पहिला बिघाड? बिल १२ एप्रिल २०२४ चं. दीड महिना मशीन ठीक चाललं. मग १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी, होडी किनाऱ्यावर. बंदी उठल्यावर ९ ऑगस्टला मशीन पहिल्यांदा बंद पडलं. विक्रेत्याने तीनदा उघडून दिलं आणि डिसेंबरमध्ये हात वर केले. २ वर्षं कुठून मोजायची? नकारापासून मोजायचा मोह होतो. आम्ही सगळ्यात जुनी तारीख धरतो, म्हणजे ९ ऑगस्ट २०२४, कारण नुसता पत्रव्यवहार किंवा ‘पुढच्या आठवड्यात बघू’ यांनी मुदत आपोआप वाढत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ८ ऑगस्ट २०२६ च्या आत.

मोबदला? १,९२,००० रुपये. त्यातले ६०,००० रोख, बाकी सोसायटीच्या कर्जातून. बिल मात्र भावाच्या नावावर होतं, कारण कर्ज भावाच्या नावावर मिळालं. जुन्या पानावर हे बघून आम्ही अडलो असतो. कलम मात्र संमतीने वापरणाऱ्यालाही आत घेतं, म्हणून प्रश्न ३ वर ‘हो’. तरी भावालाही सहतक्रारदार करायचं ठरवलं, म्हणजे हा वाद उपस्थितच होणार नाही.

पुढे विकायला? नाही. (इथे एक नवखा कार्यकर्ता ‘पण मासे विकतात ना’ म्हणाला. विकले जातात ते मासे. मशीन नव्हे.)

कमाई होते? हो. म्हणून सहाव्यावर. ‘काका, मशीनवर कोण बसतं?’ ‘मीच. पुतण्या असतो जाळ्याला, आणि हंगामात एक खलाशी धरतो.’ ‘त्याला पगार देता?’ ‘वाटा देतो.’ घरचा एक आणि बाहेरचा एक, तोही हंगामापुरता. १९९५ च्या निकालातल्या ‘एकदोन माणसांत’ हे बसतं.

मग आम्ही मुद्दाम एक जादा प्रश्न विचारला, कारण कलमात ‘केवळ’ असा शब्द आहे : ‘डिसेंबरात डॉल्फिन दाखवायला होडी देता का कोणाला?’ काका म्हणाले, ‘पर्यटक असले की मीच नेतो. होडी कोणाच्या ताब्यात देत नाही.’ स्वतः नेतात, म्हणजे तीही स्वतःच्या हाताची कमाई. होडी महिनोन्‌महिने दुसऱ्याला भाड्याने दिली असती, तर उत्तर ‘ब’ कडे झुकलं असतं आणि तिथे आम्ही ‘व’ लिहिलं असतं.

घर कशावर चालतं? मासेमारीवर आणि पावसाळ्यात थोड्या भातशेतीवर. हा थर काकांनी सिद्ध करायचा, म्हणून इथे शब्दावर न थांबता कागद मागितले : नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, मच्छीमार सोसायटीचा सभासद दाखला. तक्रारीच्या मजकुरातही एक परिच्छेद स्वतंत्र लिहिला, की हे मशीन तक्रारदार स्वतः चालवतो आणि केवळ आपल्या उपजीविकेसाठी वापरतो. हा परिच्छेद विसरला, तर पुरावा हातात असूनही विक्रेत्याचा वकील पहिल्याच हरकतीत त्यावर बोट ठेवतो.

शेवटचा प्रश्न आयोगाचा. विक्रेता मुंबईचा होता, आणि काकांना वाटत होतं की तिथे खेटे घालावे लागतील. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणून रत्नागिरी. रकमेची मर्यादा बघताना मागितलेली भरपाई मोजायची नाही, प्रत्यक्ष दिलेला मोबदला मोजायचा. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. काकांना एक रुपयाही शुल्क लागलं नाही.

मशीन खरोखर सदोष होतं का, हे आम्ही या पानावर विचारलंच नाही. तो पुढचा कागद. त्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं, हे मात्र काकांना त्याच दिवशी सांगितलं.

पान वापरात आणण्याआधी

नवं झाड लिहिल्यावर ते ज्या प्रकरणांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत त्यांच्यावर चालवून बघा. आम्ही पाच घेतली : घरचा मिक्सर, स्वतः चालवलेली टॅक्सी, पूर्णपणे दुसऱ्याला चालवायला दिलेली रिक्षा, विकायला आणलेला फ्रिज, आणि व्यापारी संस्थेचा विमा. पहिल्या खेपेला टॅक्सी ‘ब’ वर गेली. पाचव्यावरून सहाव्याकडे जाणारा बाणच राहून गेला होता. कागदावर झाड कितीही नीट दिसलं तरी असा तुटलेला बाण वाचताना सापडत नाही, चालवल्यावरच सापडतो.

मग ज्याने ते लिहिलं नाही अशा माणसाला ते चालवायला द्या. आमच्या गावातल्या एका वहिनींनी, ज्या दोन खोल्यांचं होमस्टे चालवतात, स्वतःच्या बिघडलेल्या गीझरवर ते चालवलं. पाचव्या प्रश्नावर त्या थांबल्या : ‘गीझर पाहुण्यांच्या खोलीत आहे, पण पैसे खोलीचे घेते, गीझरचे नाही. मग वापरातून कमाई होते की नाही?’ अगदी रास्त शंका होती. धूसर, म्हणून ‘क*’, आणि तरीही सहा आणि सातची उत्तरं लिहून घेतली. स्वयंपाक, झाडलोट, बुकिंग सगळं त्याच करतात.

पानाच्या तळाशी एक तारीख टाका आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कायद्यातून आला की नियमातून, हे लिहा. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम ३४ खाली आजही जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी दिसते. ५० लाखांचा आकडा नियमात आहे. पुस्तक उघडून ‘तुमचं पान चुकलंय’ म्हणणारा कोणीतरी येतोच, आणि त्याला दाखवायला ती ओळ तिथे हवी.